‘नक्की या हं!’ चं नॉमिनेशन मेल करायचंय

पत्र: ताई, ऑफिसमध्ये ट्रेनिंगचं को-ऑर्डिनेशन मी बघते. स्प्रेडशीटवरून महिन्याचे रिपोर्ट कसे करायचे याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग आहे, त्याचा मेल मी असा लिहिला होता: “हाय ऑल!! 🎉 गुड न्यूज! स्प्रेडशीटशी दोस्ती करायची संधी येतेय! 12 आणि 13 मार्चला आपण भेटतोय, नेहमीच्या वरच्या रूममध्ये, सकाळी 10 पासून. चहा-जेवण आमच्याकडून, तुम्ही फक्त मोकळं डोकं आणि लॅपटॉप घेऊन या. जागा 24च आहेत, तर पटापट सांगा कोण कोण येतंय! नक्की या हं, मजा येईल!!” मॅडमनी परत पाठवला. म्हणाल्या, सहा विभागप्रमुखांनी प्रत्येकी चार नावं दिलीत, हे नॉमिनेशन आहे, शेड्यूल, जागा, हजेरीचे नियम सगळं नीट फॉर्मल लिही. आता लिहायला बसले की एकदम नोटीस लावल्यासारखं होतंय. नेमकं काय बदलू?

उत्तर: अगं, तू शब्द बदलत बसलीयेस म्हणून नोटीस होतेय. “हाय ऑल” चं “महोदय” केलं, “या हं” चं “उपस्थित राहावे” केलं, उद्गारचिन्हं काढली, पण आतला मेल तोच राहिला ना, आणि तो आमंत्रणाचाच आहे. आमंत्रणात यायचं की नाही हे वाचणारा ठरवतो. नॉमिनेशनमध्ये ते आधीच ठरलेलं असतं, विभागप्रमुखांनी ठरवलेलं असतं, आणि मेल फक्त ते कळवतो. हा एक फरक डोक्यात पक्का कर आणि मग तुझा मेल परत वाच. “कोण कोण येतंय सांगा” हे वाक्य तिथे राहूच शकत नाही, कारण कोण येतंय ते तुला माहितीये, 24 नावं तुझ्याकडे आहेत. “जागा 24च आहेत” हेही गेलं, ते जागेसाठी घाई करायला लावणारं वाक्य आहे आणि यांच्या जागा तर पक्क्या आहेत. “नक्की या” म्हणजे आग्रह, आणि आग्रह जिथे नकार देता येतो तिथेच करतात.

म्हणून फॉर्मल मेलचं पहिलं वाक्य कोणी निवडलं हे सांगणारं हवं. “आपल्या विभागप्रमुखांनी या प्रशिक्षणासाठी आपले नाव सुचवले आहे.” बस. या एका वाक्याने अर्धं काम होतं, कारण पुढे जे काही “अनिवार्य” वगैरे लिहिशील त्याला वजन कुठून येतंय ते वाचणाऱ्याला कळतं, नाहीतर ट्रेनिंगवाल्या मुलीने आपल्याला अनिवार्य सांगायचं कोण असं लोक मनात म्हणतातच. फक्त एक काळजी घे, हे वाक्य खरं असलं पाहिजे. सहाही प्रमुखांकडून नावं लेखी आलीयेत ना ते बघ, कोणी जाताजाता तोंडी सांगितलं असेल तर आधी त्यांच्याकडून दोन ओळींचा मेल मागव, कारण नाव दिलेला माणूस सगळ्यात आधी जाऊन आपल्या साहेबांनाच विचारतो की माझं नाव तुम्ही दिलंत का.

आता हे बघ, तुझाच मेल मी परत लिहिलाय. वेळा आणि रूमचा नंबर मी धरून चाललेय, ते तुझे टाक.

> विषय: नामनिर्देशन – स्प्रेडशीटवर आधारित मासिक अहवाल प्रशिक्षण, 12 व 13 मार्च 2026 (5 मार्चपर्यंत पोच द्यावी)
>
> नमस्कार,
>
> स्प्रेडशीटवर मासिक अहवाल तयार करण्याच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी आपल्या विभागप्रमुखांनी आपले नाव सुचवले आहे. आपल्या विभागाचा मासिक अहवाल आपण तयार करता, म्हणून ही निवड झाली आहे. प्रशिक्षणानंतर हा अहवाल हाताने आकडे न भरता, एकाच फाइलमधून तयार करता यावा, हा उद्देश आहे.
>
> दिनांक: गुरुवार 12 मार्च व शुक्रवार 13 मार्च 2026
> स्थळ: मुख्य इमारत, तिसरा मजला, प्रशिक्षण कक्ष 2
> हजेरी नोंद: सकाळी 9.45 ते 10.00
>
> दोन्ही दिवसांचे वेळापत्रक
> 10.00 ते 11.30 – पहिले सत्र
> 11.30 ते 11.45 – चहा
> 11.45 ते 1.15 – दुसरे सत्र
> 1.15 ते 2.00 – जेवण
> 2.00 ते 3.30 – तिसरे सत्र
> 3.30 ते 3.45 – चहा
> 3.45 ते 5.15 – चौथे सत्र
>
> दोन्ही दिवस पूर्ण वेळ उपस्थिती अनिवार्य आहे. हजेरी सकाळी आणि जेवणानंतर अशी दोनदा घेतली जाईल. एकूण 8 सत्रांपैकी किमान 7 सत्रांना उपस्थित असलेल्यांनाच प्रमाणपत्र मिळेल. उपस्थितीची नोंद विभागप्रमुखांना पाठवली जाईल.
>
> हे दोन्ही दिवस कामावरील दिवस म्हणून धरले जातील. या काळात आपल्याला नियमित कामातून मोकळे ठेवावे, अशी विभागप्रमुखांना विनंती आहे.
>
> कृपया गुरुवार 5 मार्च, दुपारी 4.00 पर्यंत या मेलला उत्तर देऊन पोच द्यावी. उपस्थित राहणे शक्य नसल्यास विभागप्रमुखांमार्फत त्याच मुदतीत कळवावे आणि त्यांनी पर्यायी नाव द्यावे. बदल न कळवल्यास आपले नामनिर्देशन कायम राहील.
>
> येताना लॅपटॉप, चार्जर आणि आपल्या विभागाच्या मागील महिन्याच्या अहवालाची फाइल सोबत आणावी. चहा व जेवणाची व्यवस्था करण्यात आली आहे.
>
> आपली,
> प्रशिक्षण समन्वयक

यात नोटिशीचा वास येतोय का? मला नाही वाटत. आणि त्याचं कारण ती दुसरं आणि तिसरं अशी दोन वाक्यं, की बाबा तुमची निवड का झाली आणि शेवटी तुमच्या हातात काय येणार. तुझ्या मेलमधला सगळा आनंद काढल्यावर जी पोकळी राहते ना, ती भरायला लोक “उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की” असलं काहीतरी आणून ठेवतात आणि मग तो मेल भिंतीवर चिकटवल्यासारखा वाटतो. त्या जागी कारण ठेव. ज्याला कळलं की दर महिन्याला आपण जे आकडे हाताने भरत बसतो त्याचंच हे ट्रेनिंग आहे, त्याला “मजा येईल” सांगावं लागत नाही.

भाषेची एक गोष्ट, जी मराठीत मेल लिहिताना हमखास फसते. तुझ्या मेलमध्ये “आपण भेटतोय” आहे, म्हणजे तू आणि ते मिळून सगळे. फॉर्मल मेलमध्ये हाच “आपण” शब्द समोरच्यासाठी आदराने येतो. दोन्ही एकाच मेलमध्ये आले की गोंधळ, “आपण 5.15 पर्यंत थांबायचे आहे” यात कोण थांबणारे? “आपण लॅपटॉप आणायचा आहे” म्हणजे ट्रेनिंगवाले आणणार की मी? म्हणून एकदा ठरव की या मेलमध्ये “आपण” म्हणजे फक्त वाचणारा, आणि तुमच्या बाजूचं काही असेल तर “प्रशिक्षण विभाग” लिही किंवा “व्यवस्था करण्यात आली आहे” म्हण. तसंच “तुम्ही” आणि “आपण” एकत्र नकोत, वर “आपले नाव” आणि खाली “तुमचा लॅपटॉप” असं झालं की मेल दोघांनी लिहिल्यासारखा वाटतो. आणि बोलण्यातले अनुस्वार, “आपलं नाव”, “पाठवलं जाईल”, ते सगळे “आपले”, “पाठवले” कर, हे शेवटी एकदा फक्त त्याच नजरेने वाचून काढ, कारण बोलण्याची सवय असल्यामुळे मध्येच एखादा “असं” राहतोच.

आता हजेरी, इथे जरा थांबते कारण मॅडमना खरं तर हेच हवं असणार. हजेरीबद्दल मराठीत आपल्याकडे उतरंड आहे: “उपस्थित राहावे ही विनंती”, “उपस्थिती अपेक्षित आहे”, “उपस्थिती आवश्यक आहे”, “उपस्थिती अनिवार्य आहे”. लिहिणाऱ्याला चारही सारखेच वाटतात, वाचणाऱ्याला नाही. मी स्वतः एका ठिकाणी “पूर्ण वेळ उपस्थिती अपेक्षित आहे” लिहिलं होतं, मला वाटलं सभ्य आणि स्पष्ट झालं, आणि पहिल्या दिवशी जेवणानंतर निम्मी खोली रिकामी. सकाळी सही केली, जेवले, जागेवर परत गेले. विचारलं तर एकजण अगदी सरळपणे म्हणाला, अपेक्षित होतं ना, मी अर्धा दिवस तरी आलो. त्याचं काही चुकलं नव्हतं, मी लिहिलंच तसं होतं. तेव्हापासून मी “अनिवार्य” लिहिते, पण एकदाच. विषयात अनिवार्य, पहिल्या ओळीत अनिवार्य, शेवटी पुन्हा ठळक अनिवार्य असं केलं की तोच शब्द धमकी वाटायला लागतो.

आणि सकाळी एकदाच सही घेतली तर दुपारचे लोक जाणारच, म्हणून दोनदा हजेरी आणि ती दोनदा होणार हे आधीच मेलमध्ये. तिथे गेल्यावर अचानक दुसरा कागद फिरवला तर लोकांना पकडल्यासारखं वाटतं, आधी लिहिलेलं असलं की कोणी काही बोलत नाही. तुला मात्र दर सत्राची मोजणी हवी ना, 8 पैकी 7 म्हणतोय आपण, मग चहानंतर दारातून एक नजर टाकून यादीवर तू स्वतः खूण कर, तेवढं पुरतं.

टक्क्यांचंही सांगते. बरेचजण लिहितात “किमान 80 टक्के उपस्थिती”. ऐकायला छान, पण तुमची सत्रं 8 आहेत, 80 टक्के म्हणजे 6.4 सत्रं. मग 6 चालतील की 7 लागतील? शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट वाटताना हा वाद होतो, आणि तोही अशा माणसाशी ज्याच्या मुलाला खरंच ताप होता. म्हणून थेट सत्रांचा आकडा लिही. तो 7 असावा की 8 हे तू ठरवू नकोस, मॅडमना विचार. मला 7 बरा वाटतो, एखाद्याला एक दीड तास खरंच निघावं लागतं.

गैरहजर राहिलं तर काय होईल, तेही लिहायचं पण जे खरंच होणार आहे तेवढंच. सर्टिफिकेट नाही मिळणार, हजेरीची नोंद साहेबांकडे जाणार, हे दोन्ही खरं आहे तर लिही. “गैरहजेरीची गांभीर्याने दखल घेतली जाईल” हे वाक्य मोहात पाडतं, घालू नकोस. दखल कोण घेणार, काय घेणार, कोणीच ठरवलेलं नसतं, आणि एकदा लोकांना कळलं की काही झालं नाही की पुढच्या मेलमधलं तुझं खरं वाक्यसुद्धा कोणी मनावर घेत नाही.

वेळेचं. “सकाळी 10 पासून” यात कोणाला 10 म्हणजे सुरुवात वाटते, कोणाला 10 म्हणजे पोचायची वेळ, मग पहिली पंधरा मिनिटं लॅपटॉप लावण्यात जातात. म्हणून हजेरीची वेळ वेगळी आणि सत्राची वेगळी. संपायची वेळ तर तुझ्या मेलमध्ये नव्हतीच, आणि ज्याला घरी वेळेवर पोचायचंय तो सगळ्यात आधी तीच शोधतो. तारखेबरोबर वार लिही आणि कॅलेंडर उघडून जुळव, 12 मार्च 2026 ला गुरुवारच आहे, मी बघितलं. जुनी फाइल उघडून नवी तारीख टाकली आणि वार जुनाच राहिला असं फार होतं, मग अर्धे लोक वार धरून येतात. शेड्यूल लिहून झालं की बेरीज कर: दीड तासाची चार सत्रं म्हणजे दिवसाचे 6 तास, दोन दिवसांचे 12. ट्रेनरशी किती तास ठरलेत ते याच्याशी जुळतं का बघ, नाहीतर ट्रेनर 12 तासांचं साहित्य घेऊन आला आणि मेलमध्ये 10 तास बसले, अशी पंचाईत होते.

“नेहमीची वरची रूम” तुमच्या टीमला कळेल. सहा विभागांतल्या चोवीस जणांत एखादा नवीन असेलच, त्याला वर म्हणजे कुठे? इमारत, मजला, खोलीचं दारावर लिहिलेलं नाव, या क्रमाने. खोली मेल पाठवायच्या आधी बुक झालेली हवी, आणि 24 लॅपटॉप म्हणजे 24 चार्जर, तेवढे प्लग आहेत का ते स्वतः जाऊन बघून ये.

आता पाठवायचा कसा. सगळ्या 24 जणांना एकच मेल टाकू नकोस. सहा मेल कर, विभागवार. प्रत्येकात त्या विभागाचे चार जण “To” मध्ये आणि त्यांचे प्रमुख “Cc” मध्ये. “Bcc” अजिबात नको, कारण प्रमुख मेलमध्ये दिसले पाहिजेत. ट्रेनिंगच्या मधूनच माणूस उठून जातो तो बहुतेक वेळा स्वतःहून नाही जात, त्याला त्याच्या साहेबांचा फोन येतो की तो आकडा जरा पाठव ना. “नियमित कामातून मोकळे ठेवावे” हे वाक्य त्या साहेबांसाठी आहे. ते त्यांनी वाचलंय हे चारही जणांना दिसलं की नाही म्हणायची थोडी हिंमत येते. आणि कोणाला जमत नसेल तर ती अडचण पण साहेबांसमोरच मांडली जाते, तुझ्याकडे येऊन हळूच “मी नाही आलो तर चालेल ना” असं होत नाही.

याच कारणाने पर्यायी नाव प्रमुखांनी द्यायचं, त्या माणसाने नाही. नाहीतर होतं काय, ज्याचं नाव आलंय तो शेजारच्याला पाठवून देतो, आणि तो शेजारचा रिपोर्ट करतच नसतो, दोन दिवस नुसता बसून असतो.

“बदल न कळवल्यास आपले नामनिर्देशन कायम राहील” या ओळीवर मॅडम कदाचित विचारतील की एवढं कशाला. आमंत्रणाला उत्तर आलं नाही तर माणूस येत नाहीये असं धरतात. इथे उलटं आहे, गप्प बसणं म्हणजे होकार. पण हे लिहून ठेवलं नाही तर प्रत्येकजण आपापल्या सोयीने धरतो. पोच तरीही मागायची, कारण जेवणाचा आकडा तुला द्यायचाय, आणि “लवकरात लवकर” असं न लिहिता तारीख आणि वेळ द्यायची. 5 तारखेला 4 वाजता ज्यांची पोच नाही त्यांना मेल परत पाठवू नकोस, सरळ फोन कर. त्यानंतर पर्यायी नावांसाठी तुझ्याकडे मधले चार कामाचे दिवस राहतात.

मुदत विषयाच्या ओळीतच टाकलीये ते मुद्दाम. मोबाईलवर मात्र लांब विषय शेवटी कापला जातो, म्हणून “नामनिर्देशन” हा शब्द सगळ्यात पुढे. खोली किंवा वेळ नंतर बदललीच तर जुन्या मेलला रिप्लाय करून खाली एक ओळ टाकू नकोस, नवा मेल कर, विषयात पुढे “सुधारित” लिही आणि अख्खं शेड्यूल परत दे. नाहीतर लोक जुना मेल उघडून जुन्या खोलीत जाऊन बसतात.

आणि तुझा तो पहिला मेल पुसून टाकू नकोस. 10 मार्चला, सगळ्यांची पोच येऊन गेल्यावर, आठवणीचा मेल जाईलच ना, तो छोटा आणि तुझ्याच भाषेत जाऊ दे. तेव्हा नियम आधीच सांगून झालेले असतात, प्रमुखांना “Cc” ची गरज नसते. “परवा भेटतोय, तिसरा मजला, कक्ष 2, पावणेदहाला या, चार्जर विसरू नका” एवढं लिही, आणि हवं तर तो 🎉 पण टाक.